नाव एक, स्पेलिंगे आठ : नोकरीसाठीचा ई-मेल पत्ता ठरवताना

महाराष्ट्राच्या सीमेला खेटून असलेला पांढुर्णा हा मध्य प्रदेशातील अगदी अलीकडचा जिल्हा. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके वेगळे काढून तो अस्तित्वात आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे पांढुर्ण्याचे नाव दूरवर पोहोचले आहे आणि संत्र्याच्या बागा ही या साऱ्या पट्ट्याची ओळख आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मध्य प्रदेशातून बाहेर पडला, छिंदवाडा मात्र तेथेच राहिला. त्यामुळे येथील अनेक घरांत मराठी बोलली जाते, शासकीय कामकाज हिंदीत चालते आणि शिक्षणासाठी, उपचारांसाठी, नोकरीसाठी पावले नागपूरकडे वळतात.

अशा दुभाषी प्रदेशात माणसाचे नाव देवनागरीत एकच असते. ते रोमन लिपीत उतरले की मात्र त्याला फाटे फुटतात. गावांचीही यातून सुटका झालेली नाही. सौंसरचे नाव कुठे `Sausar` असे लिहिलेले आढळते, तर कुठे `Saunsar`. भूगर्भशास्त्रज्ञ या परिसरातील मँगनीजयुक्त खडकांच्या समूहाला ज्या नावाने ओळखतात, त्यात अनुस्वाराचा `n` नाही. ‘डिचोली’चे `Bicholim` आणि ‘पेडणे’चे `Pernem` झालेले रोज पाहणाऱ्या गोमंतकीय वाचकाला यात नवल वाटणार नाही. गावाच्या नावाची दोन रूपे चालून जातात, कारण नकाशावर गाव जागचे हलत नाही. ई-मेल पत्त्याचे तसे नसते. त्यातील एक अक्षर बदलले की तो दुसऱ्याचा पत्ता होतो, किंवा कुणाचाच राहत नाही. म्हणूनच नोकरीच्या अर्जावर लिहायचा पत्ता निवडताना तो दिसायला नीटनेटका असणे पुरेसे नसते. आपल्या नावाच्या अनेक रूपांपैकी कोणते रूप कायमचे धरायचे, हा खरा निर्णय असतो.

‘ज्ञ’ची दोन घरे

‘ज्ञानेश्वर’ या नावाचेच उदाहरण घ्यावे. ‘ज्ञ’ हे मुळात ‘ज्’ आणि ‘ञ’ यांचे जोडाक्षर. मराठी माणूस त्याचा उच्चार ‘द्न्य’ असा करतो, म्हणून रोमन लिपीत `Dnyaneshwar` लिहितो. हिंदीत त्याच अक्षराचा उच्चार ‘ग्य’ होतो, म्हणून तेथे `Gyaneshwar` असे रूप तयार होते. दोन्ही रूपे आपापल्या उच्चाराशी प्रामाणिक आहेत. त्यांपैकी एकालाही चूक म्हणता येत नाही. ‘ऋ’चीही हीच कथा. मराठीत तो ‘रु’कडे झुकतो आणि हिंदीत ‘रि’कडे, त्यामुळे ‘अमृता’ ही कुठे `Amruta` होते, कुठे `Amrita`. ‘हृषीकेश’चे `Hrushikesh` आणि `Rishikesh` हे तर दोन वेगळ्या माणसांची नावे वाटावीत इतके दूर जातात. ‘व’साठी मराठी आडनावांत `w` लिहिण्याचा प्रघात मोठा आहे, पण `v` लिहिणारेही पुष्कळ आहेत.

समजा, पांढुर्ण्याच्या एका तरुणाचे नाव ज्ञानेश्वर आहे आणि आडनाव वानखेडे. ‘ज्ञ’साठी `dny` किंवा `gy`, ‘श्व’साठी `shw` किंवा `shv` आणि ‘वा’साठी `wa` किंवा `va`, एवढेच पर्याय धरले तरी दोन गुणिले दोन गुणिले दोन, अशी आठ रूपे होतात. नाव सांगणारा एक असतो, ते ऐकून टंकणारा दुसरा असतो आणि प्रत्येकाच्या कानावर त्याच्या भाषेचा संस्कार असतो. नागपूरच्या कार्यालयात ‘ज्ञानेश्वर’ ऐकणारी व्यक्ती सहज `d` दाबील, भोपाळमधील व्यक्ती `g` दाबील. आद्याक्षर वापरून पत्ता आखूड करावा म्हटले तरी पेच सुटत नाही, कारण `d.wankhede` की `g.wankhede` हा प्रश्न उरतोच. इंग्रजी वर्णानुक्रमाने लावलेल्या निवड यादीतही हे नाव डी अक्षराखाली शोधायचे की जी अक्षराखाली, हे त्या स्पेलिंगवरच ठरते.

स्पेलिंग ठरवणारा कागद

या आठांतून एक रूप निवडताना आवडीपेक्षा कागदाला अधिक मान द्यावा लागतो आणि तो कागद म्हणजे दहावीचे प्रमाणपत्र. जन्मतारखेचा पुरावा म्हणून ते पुढे अनेक ठिकाणी मागितले जाते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नोंदणीतही उमेदवाराचे नाव दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तसेच भरावे लागते. पुढची पदवी, अनुभवाचे दाखले आणि नियुक्तिपत्र हे सारे साधारणपणे त्याच नावाच्या मागोमाग येतात. तेव्हा ई-मेल पत्त्यातील स्पेलिंगही तेथूनच घ्यावे.

आता वरच्या उदाहरणातील तरुणाकडे वळू. त्याच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर `GYANESHWAR WANKHEDE` आहे, आधार कार्डावर मात्र `Dnyaneshwar Wankhede` असे छापले आहे, असे धरू. त्याने `dnyaneshwar.wankhede` असा पत्ता घेतला, तर अर्जातील नाव आणि पत्त्यातील नाव यांत पहिल्या अक्षरापासून तफावत दिसेल. या तफावतीमुळे अर्ज बाद होईलच असे नाही, कारण ई-मेल पत्ता प्रमाणपत्राशी जुळलाच पाहिजे असा नियम सहसा नसतो. पण जेथे हाताने पडताळणी होते, तेथे त्यातून विनाकारण प्रश्न उपस्थित होतो. शिवाय कागदावर `Gyaneshwar` वाचून त्याच्याशी संपर्क साधू पाहणारा माणूस तेच स्पेलिंग टंकील, ही भीती राहते. त्याच्यासाठी `gyaneshwar.wankhede` हा पत्ता अधिक सोयीचा आणि आधारवरील नावही गुणपत्रिकेप्रमाणे करून घेणे इष्ट. मात्र आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून ती संधी पूर्ण विचारानेच वापरावी.

येथे भावनेचाही एक भाग आहे. घरात आणि गावात ‘द्न्यानेश्वर’ म्हणून हाक मारली जाते, त्या माणसाला कागदावरचे `Gyaneshwar` परके वाटू शकते. आपले मराठी रूपच टिकवायचे असेल तर तो मार्गही खुला आहे, पण त्याचा क्रम उलटा लावता येत नाही. आधी शिक्षण मंडळाच्या नियमांप्रमाणे आणि मुदतीत गुणपत्रिकेतील नाव दुरुस्त करून घ्यावे, मग इतर कागद त्याच्याशी जुळवावेत आणि पत्ता सर्वांत शेवटी घ्यावा. पत्ता मराठी वळणाचा आणि साऱ्या फायली हिंदी वळणाच्या, ही अवस्था सर्वांत गैरसोयीची.

गोव्यात याच पेचाचे दुसरे रूप दिसते. पोर्तुगीज वळणाने लिहिलेल्या जुन्या कागदांत ‘नाईक’ हे `Naique` होते, ‘कामत’ हे `Camotim` आणि ‘प्रभू’ हे `Porobo`. नातवाच्या शालेय दाखल्यावर मात्र `Naik` किंवा `Kamat` असते. अशा घरातील तरुणाने आजोबांच्या कागदावरील रूपाचा मोह कितीही वाटला तरी पत्त्यासाठी स्वतःच्या दाखल्यावरील रूपच घ्यावे. जुने रूप परत आणायचेच असेल, तर गोव्यात नाव व आडनाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. त्या वाटेने नाव आधी बदलावे आणि पत्ता नंतर.

चुकीच्या पत्त्यावर गेलेले पत्र

स्पेलिंगची इतकी चिकित्सा कशासाठी, याचे उत्तर ई-मेलच्या कार्यपद्धतीत आहे. पाठवणाऱ्याने पत्त्यात चूक केली आणि तसा पत्ता कुणाचाच नसेल, तर पत्र पोहोचले नसल्याची सूचना त्याला सहसा परत येते. ही त्यातल्या त्यात बरी शक्यता. पण तो चुकीचा पत्ता खरोखरच दुसऱ्या कुणाचा असेल, तर पत्र निमूटपणे त्याच्याकडे जाऊन पडते. पाठवणाऱ्याला ते पोहोचल्यासारखे वाटते, उमेदवाराला ते पाठवलेच नाही असे वाटते आणि मुलाखतीची तारीख दोघांच्या मधून निघून जाते. नाव जितके प्रचलित, तितका त्याच्या जवळपासचा प्रत्येक पत्ता आधीच कुणीतरी घेतलेला असण्याचा संभव अधिक. म्हणजे ही दुसरी शक्यता प्रचलित नावांच्याच वाट्याला जास्त येते.

यावर एक साधा आणि कमी वापरला जाणारा उपाय आहे. आपल्या नावाची दोन रूपे प्रचलित असतील, तर शक्य असल्यास दोन्ही पत्ते स्वतःच्या नावावर घ्यावेत. अर्जावर नेहमी एकच लिहावा आणि दुसऱ्यावर येणारी पत्रे आपोआप पहिल्याकडे वळतील अशी व्यवस्था ‘फॉरवर्डिंग’च्या सोयीने करून ठेवावी. आपल्या उदाहरणातील तरुण `gyaneshwar.wankhede` वापरील आणि `dnyaneshwar.wankhede` हा पत्ता मागच्या दारासारखा राखून ठेवील. मराठी कानाच्या माणसाने `d` टंकले तरी पत्र घरीच येईल. मात्र राखीव पत्ता कोणत्याही अर्जात लिहू नये, नाहीतर कुठे कोणता दिला हे आठवण्याचे नवे काम मागे लागते. शिवाय दोन वर्षे अजिबात न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते, म्हणून अधूनमधून त्या खात्यातही प्रवेश करत राहावे.

सांध्यावरची अक्षरे

स्पेलिंग ठरले की नाव आणि आडनाव कसे जोडायचे हा पुढचा प्रश्न. मराठी नावांत एक खोड वारंवार आढळते. नावाचे शेवटचे अक्षर आणि आडनावाचे पहिले अक्षर पुष्कळदा सारखे असते. ‘रमेश शिंदे’ सलग लिहिले की `rameshshinde` होते. ऐकून टंकणारा त्यातला एक `sh` गाळतो आणि `rameshinde` असा वेगळाच पत्ता तयार होतो. ‘किशोर राऊत’चे `kishorraut` असेच `kishoraut` होऊन बसते. वाचणाऱ्याची नजरही दुहेरी अक्षरावरून घसरते. मध्ये एक टिंब दिले की `ramesh.shinde` आणि `kishor.raut` हे दोन्ही पत्ते पाहताक्षणी उलगडतात.

या टिंबाचा स्वभाव मात्र नीट समजून घ्यायला हवा. जीमेलमध्ये टिंबाला किंमत नसते. `ramesh.shinde` आणि `rameshshinde` ही तेथे एकाच पेटीची दोन नावे आहेत, म्हणून टिंब विसरले तरी पत्र पोहोचते. इतर सेवांमध्ये अशी सवलत गृहीत धरता येत नाही; आउटलुकमध्ये टिंब असलेला आणि नसलेला पत्ता वेगळा मानला जातो. दुसरी अडचण अर्ज भरण्याच्या संकेतस्थळांवर येते. जीमेलला जरी दोन्ही रूपे सारखी असली, तरी भरती घेणाऱ्या संकेतस्थळाच्या नोंदीत ती दोन भिन्न पत्ते म्हणून साठवली जाऊ शकतात. एका वर्षी टिंबासह नोंदणी केली आणि पुढच्या वर्षी टिंबाशिवाय प्रवेश करू पाहिले, तर ‘असे खाते नाही’ असा निरोप मिळतो. घाईत उमेदवार दुसरे खाते उघडतो आणि एकाच परीक्षेसाठी त्याच्या दोन नोंदी होतात. म्हणून टिंब द्यायचे ठरले तर ते प्रत्येक ठिकाणी द्यावे.

टिंबाऐवजी तळरेघ, म्हणजे `_` हे चिन्ह वापरणे मात्र टाळावे. जीमेलमध्ये ते चालतच नाही. इतरत्र चालले तरी परिचयपत्रात ई-मेल पत्ता आपोआप अधोरेखित होतो आणि त्या रेघेखाली हे चिन्ह गडप होते. वाचणाऱ्याला ती मोकळी जागा वाटते. शिवाय व्यावसायिक ओळखीसाठीच्या सगळ्या संकेतस्थळांचे नियम सारखे नसतात. लिंक्डइनच्या वैयक्तिक दुव्यात टिंब बसत नाही, एक्सवरील नाव पंधरा अक्षरांच्या आत लागते. `gyaneshwarwankhede` या नावात अठरा अक्षरे आहेत, म्हणजे ते एक्सवर बसणारच नाही. तेथे `gwankhede` हे आखूड रूप वापरता येते. जीमेलमध्ये सहा ते तीस अक्षरांची मर्यादा असल्याने पूर्ण नाव आरामात मावते आणि जेथे मावते तेथे तेच लिहावे.

हवे ते नाव आधीच गेले असेल तर

प्रचलित नावांच्या बाबतीत हवा तो पत्ता बहुधा आधीच दुसऱ्याने घेतलेला असतो. अशा वेळी संकेतस्थळच नावापुढे काही अंक जोडून पर्याय सुचवते आणि घाईत तो स्वीकारला जातो. अनेक जण आपले जन्मवर्ष जोडतात. ही सवय वाटते तितकी निरुपद्रवी नाही. ई-आधारची पीडीएफ प्रत उघडण्याचा परवलीचा शब्द म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि त्यापुढे जन्मवर्ष. ज्याच्या पत्त्यातच नाव आणि जन्मवर्ष आहे, त्याने हा शब्द प्रत्येक अर्जासोबत जाहीर केल्यासारखे होते. गंमत अशी की येथेही ‘ज्ञ’ आडवा येतो. आधारवर `Dnyaneshwar` असेल तर शब्दाची सुरुवात `DNYA` अशी होते, `Gyaneshwar` असेल तर `GYAN` अशी. आपली प्रत का उघडत नाही म्हणून हैराण झालेल्याने आधी कार्डावरचे स्पेलिंग तपासावे.

अंकांचा दुसरा दोष वाचनाचा. एक हा अंक आणि इंग्रजी एल हे छोटे अक्षर अनेक टंकांत सारखेच दिसतात. ‘निखिल’ या नावापुढे एक जोडला की `nikhil1` होते आणि छापील कागदावर ते दोन एल असलेले नाव भासते. शून्य आणि ओ यांचाही असाच घोळ होतो.

मराठी माणसाला अंकांवाचून मार्ग काढणे सोपे आहे, कारण आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तिहेरी रचना पूर्वापार चालत आली आहे. वडिलांचे नाव मधुकर असेल तर `gyaneshwar.m.wankhede` हा पत्ता स्वाभाविक दिसतो, सांगायला सोपा जातो आणि त्यातून वय कळत नाही. एका अक्षराने भागले नाही तर पूर्ण मधले नाव घालावे. मध्य प्रदेशातील गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव सहसा वेगळ्या ओळीत असते आणि महाराष्ट्रात ते नावाच्या मध्येच लिहिले जाते. पत्त्यातील एक आद्याक्षर या दोन्ही पद्धतींशी जुळते.

मुलींच्या बाबतीत मात्र थोडा वेगळा विचार करावा लागतो. लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याची प्रथा आपल्याकडे आहे, पण दहावीपासूनची प्रमाणपत्रे लग्नाने बदलत नाहीत. म्हणून पत्ता प्रमाणपत्रावरील नावाचाच ठेवणे सोयीचे. पुढे नाव बदलायचे ठरले तर नव्या नावाचा पत्ता घेऊन जुना त्याच्याकडे वळवता येतो. नावाचे राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र जसे जुन्या-नव्या नावांना जोडते, तसेच काम येथे हा वळवलेला पत्ता करतो. तो बंद करण्याची घाई करू नये.

गाव, पद आणि टोपणनाव

नाव मोकळे नसले की काही जण पत्त्यात गावाचे किंवा जिल्ह्याचे नाव घालतात. त्यातला धोका पांढुर्णा-सौंसरच्या लोकांनी नुकताच पाहिला आहे. २०२३ पर्यंत ज्याने आपल्या नावापुढे `chhindwara` जोडले असेल, तो घरातून न हलता दुसऱ्या जिल्ह्यात गेला. ‘शिक्षक’, ‘ॲडव्होकेट’, महाविद्यालयाचे लघुरूप किंवा कंपनीचे नाव यांचेही असेच होते. ही सारी आयुष्यातील मुक्कामाची ठिकाणे आहेत आणि पत्ता मात्र निवृत्तीनंतरही लागतो. शासकीय कार्यालयांत पदाच्या नावाचे पत्ते असतात ते याच कारणाने. अधिकारी बदलला तरी पत्ता कार्यालयापाशी राहतो. माणसाच्या स्वतःच्या पत्त्याचे काम नेमके याच्या उलट असते. कार्यालय बदलले तरी तो माणसापाशी राहिला पाहिजे.

शाळकरी वयात घेतलेल्या पत्त्यांत ‘किंग’, ‘राजे’, ‘भाऊ’ किंवा एखाद्या नटाचे नाव हमखास असते. मित्रमंडळीत ते शोभते. पण निवड करणाऱ्यापुढे उमेदवाराच्या आधी त्याचा पत्ता येतो. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, परिचयपत्रावर अनौपचारिक ई-मेल पत्ता असल्यास उमेदवाराविषयीचे मत खाली येते, असे आढळले होते. असा जुना पत्ता मोडून टाकण्याची गरज नाही. तो घरगुती व्यवहारांसाठी ठेवावा आणि अर्जांसाठी वेगळा घ्यावा.

देवनागरीत पत्ता घेतला तर स्पेलिंगचा प्रश्नच मिटेल, असे कुणाच्या मनात येईल. तांत्रिकदृष्ट्या ते शक्य आहे. अशा पत्त्यांसाठीची आंतरराष्ट्रीय मानके २०१२ मध्ये ठरली आणि २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी डोमेनही उपलब्ध झाले. तथापि अर्ज स्वीकारणारी बरीच संकेतस्थळे `@` चिन्हाच्या अलीकडे रोमन अक्षरांचीच अपेक्षा ठेवतात आणि देवनागरी पत्ता अवैध ठरवतात. तूर्त असा पत्ता हौसेसाठी घ्यावा, अर्जासाठी नव्हे.

पत्त्याची परीक्षा

पत्ता नक्की करण्याआधी त्याची परीक्षा घेता येते आणि तिला पाच मिनिटेही लागत नाहीत. आपले नाव ठाऊक नसलेल्या एखाद्या व्यक्तीला दूरध्वनीवरून तो एकदाच सांगावा आणि तिने लिहिलेला पत्ता परत वाचून घ्यावा. पांढुर्ण्याच्या तरुणाने ही परीक्षा दोनदा घ्यावी, एकदा मराठी बोलणाऱ्याकडून आणि एकदा हिंदी बोलणाऱ्याकडून. दोघांनीही तोच पत्ता लिहिला तर तो चांगला. एकाने `d` आणि दुसऱ्याने `g` लिहिला, तर वर सांगितलेला राखीव पत्ता घेणे अपरिहार्य आहे, हे त्यातूनच कळेल. तिसरी चाचणी कागदावर करावी. पत्ता छोट्या अक्षरांत छापून हातभर अंतरावरून वाचावा आणि कुठे अडखळायला होते ते पाहावे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही परीक्षेत दिसत नाही. लहान गावांत अर्ज पुष्कळदा ऑनलाइन केंद्रावर भरून घेतले जातात. उमेदवाराकडे पत्ता तयार नसेल, तर केंद्र चालवणारा वेळ वाचवण्यासाठी तेथल्या तेथे एक खाते उघडतो किंवा स्वतःचाच पत्ता घालतो. अर्ज भरला जातो, पावती मिळते. परंतु प्रवेशपत्र, मुलाखतीचे पत्र आणि परवलीचा शब्द बदलण्याचे निरोप ज्या पेटीत येणार, तिची किल्ली उमेदवाराच्या हातात नसते. हे लक्षात येते तेव्हा बहुधा मुदत संपत आलेली असते. म्हणून केंद्राची पायरी चढण्यापूर्वीच पत्ता घेतलेला असावा, खात्याला स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडलेला असावा आणि पत्ता इंग्रजी अक्षरांत कागदावर लिहून सोबत न्यावा. टंकून झाल्यावर पडद्यावरील प्रत्येक अक्षर त्या कागदाशी ताडून पाहावे आणि मगच अर्ज दाखल करू द्यावा.